बाबा, ते शेअर कोणाच्या नावावर आहेत?

शेअर बाजारातून रोज ठरावीक नफा मिळवून देतो, असे सांगणारे ग्रुप व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर चालतात. निवृत्तीची रक्कम हाती असलेली माणसे त्यांत सापडतात आणि घरात मुलीला किंवा मुलाला ते उशिरा कळते. मग वाद सुरू होतो. वडील म्हणतात ग्रुप खरा आहे, मुलगी म्हणते खोटा आहे. हा वाद असा मिटत नाही, कारण वडिलांच्या हाती एक पुरावा असतो: ग्रुपकडून त्यांच्या बँक खात्यात पैसे खरोखर जमा झालेले असतात. म्हणून ग्रुप कसा आहे, हा प्रश्न बाजूला ठेवून वडिलांचे पैसे आणि शेअर आत्ता कोणाच्या नावावर आहेत, हे पाहावे लागते. त्याचे उत्तर त्यांच्याच कागदपत्रांत असते.

अशा फसवणुकीचा नेहमीचा क्रम दाखवणारे एक उदाहरण पाहू. निवृत्त वडिलांना कोणीतरी न विचारता एका ग्रुपमध्ये घेतले. तिथे 'प्रोफेसर' म्हणवणारा एक जण रोज सकाळी बाजारावर बोलतो, त्याची 'असिस्टंट' प्रत्येकाची आपुलकीने चौकशी करते आणि बाकीचे सभासद नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात. या सभासदांपैकी बरेचसे त्याच टोळीचे असतात. काही दिवसांनी वडिलांना एका लिंकवरून अॅप घ्यायला सांगितले गेले. त्यांनी 10,000 रुपये भरले. आठवड्याने 1,500 रुपये काढून पाहिले, ते लगेच खात्यात आले. त्यानंतर त्यांनी मुदत ठेव मोडून 3 लाख रुपये भरले.

मुलीने विचारले, "बाबा, रोज किती टक्के मिळतात म्हणालात?"

"दोन टक्के. जास्त लोभ नाही आपल्याला."

"रोजचे दोन टक्के पुन्हा त्यातच गुंतवत गेलो, तर एका लाखाचे वर्षभरात किती होतील?"

बाजार वर्षातून सुमारे 250 दिवस चालतो. रोज दोन टक्के वाढ आणि त्या वाढीवर पुन्हा वाढ, असे 250 दिवस चालले तर एका लाखाचे सुमारे 1 कोटी 41 लाख होतात. रोज एकच टक्का धरला, तरी 12 लाख होतात. एवढा नफा ज्याला रोज खात्रीने मिळतो, त्याला अनोळखी माणसांचे दहा-दहा हजार गोळा करण्याची गरज उरत नाही. बाजारात नफ्याची खात्री देताच येत नाही. म्हणूनच सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराला किंवा संशोधन विश्लेषकाला परताव्याची हमी देण्यास मनाई आहे.

वडिलांचे उत्तर ठरलेले होते. "अगं, पण माझे पैसे परत आले ना!"

हे उत्तर खोडून काढण्याची गरज नसते. 1,500 रुपये आले, हे खरेच आहे. पण ते कुठून आले, हे त्यावरून कळत नाही. वडिलांनी भरलेल्या 10,000 रुपयांतूनही ते देता येतात. 1920 मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी याने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचे आश्वासन दिले आणि नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना भागवले. सुरुवातीच्या लोकांना पैसे वेळेवर मिळाले, म्हणूनच नंतरचे रांगा लावून आले. छोटी रक्कम वेळेवर परत देणे हा मोठी रक्कम मिळवण्यासाठी केलेला खर्च असतो.

यानंतर मुलीने दोन गोष्टी वडिलांच्या सोबत बसून पाहिल्या. पहिली म्हणजे बँकेचे पासबुक. खऱ्या ब्रोकरकडे पैसे भरले, तर ते त्या ब्रोकरच्याच नावाच्या खात्यात जातात. यूपीआयने भरताना ओळख पटावी म्हणून सेबीने नोंदणीकृत संस्थांसाठी @valid असलेले खास यूपीआय आयडी आणले आहेत. वडिलांचे 3 लाख मात्र तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेले होते. त्यांतले एक खाते कोणा व्यक्तीचे होते आणि उरलेली दोन शेअर बाजाराशी संबंध नसलेल्या दुकानांची होती. टोळ्या अशी खाती भाड्याने घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शेअर. भारतात खरेदी केलेले शेअर ब्रोकरच्या अॅपमध्ये राहत नाहीत. ते गुंतवणूकदाराच्या डीमॅट खात्यात असतात आणि त्याची नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असते. डिपॉझिटरी गुंतवणूकदाराला खात्याचे एकत्रित विवरण ईमेलने पाठवते आणि तिच्या संकेतस्थळावर लॉगिन करूनही शिल्लक पाहता येते. शिवाय प्रत्येक व्यवहाराची कॉन्ट्रॅक्ट नोट ब्रोकरकडून मिळते. वडिलांच्या अॅपवर दोन महिन्यांत 3 लाखांचे जवळपास 6 लाख 90 हजार झालेले दिसत होते. डीमॅटच्या विवरणात मात्र त्यातला एकही शेअर नव्हता आणि कॉन्ट्रॅक्ट नोटही आलेली नव्हती. अॅपवरचा आकडा कोणीतरी टाइप केलेला होता, त्यामागे खरेदी झालेलीच नव्हती.

"त्यांनी सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवला होता," वडील म्हणाले. असा क्रमांक खराही असू शकतो, पण दुसऱ्या कोणाचा. ठग नामांकित ब्रोकरचे नाव, चिन्ह आणि क्रमांक उचलतात. त्यामुळे क्रमांक सेबीच्या यादीत आहे एवढे पाहून भागत नाही. त्या यादीत दिलेल्या फोनवर किंवा पत्त्यावर संपर्क करून हा ग्रुप तुमचाच का, असे विचारावे लागते. ग्रुपमधून मिळालेल्या फोनवर विचारून उपयोग नसतो.

फसवणूक उघडी पडते ती सगळी रक्कम काढायला गेल्यावर. या उदाहरणात अॅपने आधी नफ्यावर 20 टक्के 'कर' भरायला सांगितले, म्हणजे जवळपास 78 हजार रुपये. भारतात राहणारा गुंतवणूकदार शेअरवरच्या नफ्याचा कर प्राप्तिकर खात्याकडे भरतो. पैसे सुटावेत म्हणून ब्रोकरच्या सांगण्यावरून तो कोणाच्या खासगी खात्यात भरावा लागत नाही. खात्यात शिल्लक असताना ती काढण्यासाठी बाहेरून नवे पैसे मागितले, की आणखी तपासण्यासारखे काही उरत नाही. हे 78 हजार भरले असते, तर पुढची मागणी 'खाते गोठल्याच्या दंडा'ची आली असती.

पैसे गेल्याचे कळल्यावर वेळ महत्त्वाचा असतो, कारण रक्कम काही तासांत एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवली जाते. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील हाताशी हवा. पुढच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल, तर ती रोखून धरता येते. रोख काढली गेली असेल, तर ती परत मिळणे अवघड होते. संतापून ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी आणि अॅप काढून टाकण्याआधी सर्व संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असा फोन आला आणि त्यासाठी फी मागितली, तर तो त्याच फसवणुकीचा पुढचा भाग समजावा.

या संवादात मुलीचा सूरही कामाचा असतो. "तुम्हाला कळत कसं नाही?" असे ऐकल्यावर वडील गप्प होतात आणि पुढची रक्कम कोणाला न सांगता भरतात. "बाबा, डीमॅटचं विवरण सोबत उघडून बघू या" असे म्हटले, तर वडिलांना मुलीसमोर हार मानावी लागत नाही. रिकामे विवरण ते स्वतः वाचतात आणि पुढचा हप्ता न भरण्याचा निर्णयही त्यांचाच असतो.