आठ घरांचं ठिपक्यांचं कोडं

दिवाळी अंकांत, मुलांच्या सुट्टीच्या पानांवर आणि खजिना शोधण्याच्या खेळांत ठिपक्यांचा गुप्त संदेश हमखास असतो. सोबत छापलेल्या तक्त्यात एकेक आकृती शोधायची आणि तिच्यासमोरचं अक्षर लिहून घ्यायचं, एवढंच काम वाटतं. पण तक्ता हाताशी असूनही संदेश लागत नाही, असं बरेचदा होतं. हा एक नमुना पाहा:

⠣⠚⠣⠹ ⠊⠛⠣⠩

ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा जागा असतात. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कोणत्या जागी ठिपका आहे आणि कोणत्या जागी नाही, यावरून अक्षर ठरतं. अशा एकूण ६३ आकृत्या होतात. म्हणून सोडवताना आधी आकड्यांत लिहून काढावं. वरचं पहिलं घर १-२-६, दुसरं २-४-५. नुसत्या नजरेनं जुळवलं तर फसगत होते, कारण एकाखाली एक असे दोन ठिपके १-२ असू शकतात, २-३ असू शकतात किंवा उजवीकडचे ४-५ सुद्धा. रिकाम्या जागा छापलेल्या नसतील तर आधी ओळीतलं एखादं भरगच्च घर शोधावं. त्यावरून वरची आणि खालची रेघ कुठे येते ते कळतं, आणि मग बाकीची घरं त्या रेघांवर बसवता येतात.

आता तक्ता. बहुतेक पुस्तकांत इंग्रजी सव्वीस अक्षरांचाच असतो. लुई ब्रेल या फ्रेंच माणसानं १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली, तिच्यातून तो आलेला आहे. आपला नमुना त्या तक्त्याशी ताडला तर आठपैकी तीनच घरं सापडतात: ⠚, ⠊ आणि ⠛. उरलेली पाच त्यात नाहीतच. इतकी घरं गळत असतील तर तक्ता बदलावा. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिच्यात आकृत्या त्याच आहेत, पण त्या आपल्या वर्णांना दिलेल्या आहेत. जिथे उच्चार जुळतो तिथे अक्षरही रोमनसारखंच राहतं, म्हणून ⠛ हा ग आणि ⠏ हा प.

भारती तक्त्यात आठही घरं सापडतात. वाचलं तर हाती येतं: घजघथ इगघश. अक्षरं सगळी मिळाली, अर्थ मात्र काहीच नाही. इथे अनेकजण कोडं चुकीचं छापलंय म्हणून सोडून देतात. खरं तर आता थोडं थांबून मराठीकडे पाहायला हवं. आठ घरांत घ तीनदा आलाय. मराठीत इतक्या वेळा कोण येतो? आ येतो. भारती ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र घर मिळतं आणि ते व्यंजनानंतर लिहितात. म आणि त्यापुढे आ, की झालं मा. व्यंजनातला अ मात्र वेगळा लिहीत नाहीत. आपल्या संदेशात मात्र व्यंजनामागे एकही स्वर नाही, आणि अशी मराठी सहसा नसते.

घ म्हणजे १-२-६, आ म्हणजे ३-४-५. डावं-उजवं उलटवलं की १ चा ४ होतो, २ चा ५, ३ चा ६, आणि घ चा बरोबर आ होतो. म्हणजे संदेश कागदाच्या मागच्या बाजूनं काढलाय. यामागे एक साधं कारण असू शकतं. ब्रेल पाटीवर टोचणीनं लिहिताना उजवीकडून डावीकडे जातात, कारण उठाव कागदाच्या दुसऱ्या बाजूला येतो. टोचलेली बाजू पाहून चित्र काढलं की सगळं उलटं दिसतं. तेव्हा घरं शेवटाकडून सुरुवातीकडे घ्यावीत आणि प्रत्येक घर उलटवावं. शेवटचं १-४-६ उलटून १-३-४ होतं, म्हणजे म. त्याआधीचं घ उलटून आ. ग दोन्हीकडून सारखाच, आणि इ चा होतो ए. पहिला शब्द मिळाला: मागे. उरलेल्या चार घरांवर तीच क्रिया केली की प, आ, ह, आ:

⠍⠜⠛⠑ ⠏⠜⠓⠜

मागे पाहा.

दोन अडचणी आणखी येतात. उजवीकडे वर एकटाच ठिपका (४) दिसला तर तो जोडाक्षराचा हलन्त असतो, आणि तो जोडाक्षराच्या आधी येतो. रस्ता हा शब्द र, हलन्त, स, त, आ असा लिहितात: ⠗⠈⠎⠞⠜. दुसरी अडचण ⠼ या घराची. ते ण आहे आणि आकड्याची खूणही तेच आहे. शब्दाच्या सुरुवातीला ण सहसा येत नाही, म्हणून तिथे दिसलं तर पुढचं घर आकडा समजावं: ⠼⠑ म्हणजे ५.

कोडं रचणाऱ्यांनी रिकाम्या जागा फिकट वर्तुळांनी दाखवाव्यात आणि तक्ता भारती ब्रेलचा द्यावा. वर्गात अंध मूल असेल तर छापील ठिपके त्याच्या काहीच कामाचे नाहीत. त्याच्यासाठी तोच संदेश ब्रेल पाटीवर टोचून द्या, आणि सोडवून झाल्यावर बाकीच्यांनी नेमकं कुठे चुकलं ते त्यालाच सांगू द्या.