निळ्या धुराची वीस वर्षं

१९८५ साली आपल्याकडे जवळजवळ सारख्याच आकाराच्या दोन मोटरसायकली विक्रीला आल्या. हीरो होंडाची सीडी १०० ही ९७ सीसीची आणि एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं काढलेली आरएक्स १०० ही ९८ सीसीची. सिलिंडरमध्ये फरक एका सीसीचा. पण सीडीची ताकद साधारण ७ बीएचपी, आरएक्सची ११. सीडीची जाहिरात लिटरला ८० किलोमीटरची. आरएक्सवाला मात्र चाळीसच्या आसपास मिळाले तरी खूश असे. एक गाडी गेली तर मागे काही उरत नसे. दुसरी गेल्यावर गल्लीत दोन मिनिटं वास रेंगाळायचा.

त्या काळी रस्ता टू-स्ट्रोकचाच होता. आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक, कायनेटिकची लुना, येझदी, राजदूत आणि शहरभर धावणाऱ्या रिक्षा, सगळ्या टू-स्ट्रोक. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या आल्या, तेव्हाही सुझुकी, यामाहा आणि कावासाकी या तिघींनी शंभर सीसीची टू-स्ट्रोकच आणली. मोटरसायकलीत होंडा तेवढी वेगळी निघाली. पुढच्या वीस वर्षांत जे घडलं त्याची सगळी कारणं या दोन इंजिनांच्या पोटात होती, म्हणून आधी ती उघडून पाहू.

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढतो, वर येताना दाबतो, ठिणगी पडली की जोरानं खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर काढतो. चार स्ट्रोकांत एक स्फोट, म्हणजे क्रँकच्या दोन चकरांना एक. येण्याजाण्याची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या डोक्यावर असतात आणि कॅमशाफ्ट ती वेळेवर उघडतो, बंद करतो. टू-स्ट्रोकमध्ये असे व्हॉल्व्हही नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असतात, ज्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली होताना तोच ती झाकतो, उघडतो. खालचा क्रँककेस पंपाचं काम करतो. पिस्टन वर जाताना मिश्रण खालच्या खोलीत ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना तेच दाबून बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे प्रत्येक चकरेला एक स्फोट.

मिनिटाला ६००० चकरा धरा. सेकंदाला शंभर. आरएक्समध्ये शंभर स्फोट, सीडीमध्ये पन्नास. मग त्याच सीसीत ताकद दुप्पट, म्हणजे चौदा बीएचपी यायला हवी होती. आली अकरा. उरलेली कुठे गेली याचं उत्तर मागच्या गाडीवाल्याच्या नाकाला माहीत होतं.

टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर जात असतो आणि नवं मिश्रण आत येत असतं, तेव्हा दोन्ही पोर्ट काही क्षण एकाच वेळी उघडे असतात. नव्याच्या जोरानं जुनं बाहेर लोटायचं, अशीच ही रचना आहे. त्या धांदलीत नव्यातलंही काही थेट सायलेन्सरकडे निघून जातं. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हे प्रमाण फेऱ्या आणि थ्रॉटल यांवर अवलंबून असतं. ढोबळमानानं पंधरा टक्क्यांपासून ते पार चाळीस टक्क्यांपर्यंत. टाकीत भरलेल्या प्रत्येक चार-पाच लिटरमागे एखादा लिटर न जळताच रस्त्यावर, असं म्हणायला हरकत नाही. एक प्रकारे पोहऱ्याला भोक असतानाच पाणी शेंदणं. ताकद हवी तितकी न येण्याला इतरही कारणं आहेत. पोर्ट उघडेपर्यंतचाच पिस्टनचा प्रवास कामी येतो, उरलेला वाया जातो. पण मायलेजचा मुख्य चोर हाच.

वासातला दुसरा हिस्सा ऑइलचा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये ऑइल साठवून ठेवता येतं. रिंगा ते भिंतीवरून खरवडून परत खाली आणतात. टू-स्ट्रोकमध्ये तीच खोली मिश्रण ढकलायच्या कामात असते, तिथे ऑइल साठवलं तर तेही वर जाईल. म्हणून ऑइल पेट्रोलसोबतच पाठवायचं, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देऊन ते जळून जाऊ द्यायचं. निळसर धूर येतो तो अर्धवट जळलेल्या ऑइलचा. जुन्या टू-स्ट्रोकच्या ओळखीच्या वासात न जळलेलं पेट्रोल आणि हा ऑइलचा धूर, दोन्ही असतात.

चेतकवाल्यांना हे रोज हातानं करावं लागे. पेट्रोल पंपावर वेगळ्या यंत्रातून किंवा मापातून टू-टी ऑइल आधी टाकीत जायचं, लिटरमागे वीस मिली, तीन लिटरला साठ, आणि वरून पेट्रोल. पेट्रोलच्या धारेनं ऑइल मिसळावं म्हणून आधी ऑइल. तरीही सावध माणूस झाकण लावून स्कूटर दोन्ही बाजूंना चांगली हलवून घ्यायचा. ‘थोडं जास्त टाक, इंजिनाला बरं’ असं सांगणारे पुष्कळ असत, आणि तेच पुढे प्लग काळा झाला म्हणून डिकीतून पाना काढून रस्त्यात बसलेले दिसत. ऑइल जास्त झालं की प्लगच्या दोन टोकांत कार्बनचा पूल बनतो आणि ठिणगी पडतच नाही. म्हणूनच जाड सुईनं नाहीतर पॉलिशपेपरनं प्लग साफ करून पुन्हा बसवणं हा त्या पिढीच्या अंगवळणी पडलेला उद्योग होता. आरएक्समध्ये ऑइलची वेगळी टाकी होती. पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे ऑइल सोडायचा, त्यामुळे सावकाश चालवताना धूर कमी.

पेट्रोलसोबतच ऑइल पाठवण्यातली एक गोम मात्र घाटात कळायची. थ्रॉटल बंद केला की पेट्रोल बंद, आणि पेट्रोलसोबत ऑइलही. खंबाटकीचा लांबलचक उतार कोणी थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्येच उतरला, तर इंजिन वेगानं फिरतंय आणि वंगण जवळजवळ नाही. पंपवाल्या गाडीतही ऑइल थ्रॉटलशी बांधलेलं असल्यामुळे तिथेही तुटपुंजंच. पिस्टन तापून फुगतो, भिंतीला घट्ट धरतो आणि इंजिन सीझ होतं, मागचं चाक एकदम अडकतं. जाणते चालक उतारावर मधूनमधून थ्रॉटल देत किंवा क्लच दाबून फेऱ्या खाली आणत. इंजिनाच्या ब्रेकवर विसंबून उतरायची सवय फोर-स्ट्रोकनं लावली. टू-स्ट्रोकमध्ये तो ब्रेक तसाही दुबळाच.

आरएक्सची खरी मजा मात्र फेऱ्या वाढवल्यावर होती. थोडा वेळ काहीच नाही आणि मग पाठीमागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटायची. हे काम सायलेन्सरचं. त्याचा फुगीर भाग आणि शेवटचा निमुळता भाग असा बेतलेला असतो, की धुराच्या दाबाची लाट मागे उलटते आणि पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी निसटू पाहणारं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. लाटेची वेळ एकाच ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात जुळते, त्यामुळे जोरही त्या पट्ट्यातच. ही विद्या पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडेननं पन्नाशीच्या दशकात घडवली. १९६१ साली त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेला पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीच्या गाडीवर जिंकला. सायलेन्सरची पुंगळी काढून आरएक्स जास्त जोरात पळते असं समजणाऱ्या पोरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. आवाज वाढायचा, जोर तेवढाच राहायचा किंवा थोडा कमीच व्हायचा.

उभ्या गाडीतला तो अडखळता ‘टिंग-टिंग’ आवाजही टू-स्ट्रोकच्या रचनेमुळेच. थ्रॉटल बंद असताना नवं मिश्रण थोडं येतं आणि जळका वायू सिलिंडरमध्येच राहतो; त्यामुळे काही ठिणग्या वाया जातात आणि इंजिन दोन-तीन चकरांनी एकदा पेटतं. बिघाड नाही तो.

शेवट नियमांनी केला, पण त्याआधी पेट्रोलच्या भावानं अर्धं काम उरकलं होतं. हीरो होंडानं पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा असा प्रचार केला. पगारदार माणसाला तो पटला, कारण महिन्याचा खर्च त्याच्याच खिशातून जात होता. १९९१ साली वाहनांच्या धुरासाठी नियम आले. १९९६च्या एप्रिलपासून दुचाकीला किलोमीटरमागे न जळलेलं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅमची मर्यादा आली, २००० साली ती २ ग्रॅम झाली आणि २००५ला दीड. टू-स्ट्रोक मारली गेली ती याच रकान्यात, कारण निसटलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन. आरएक्स १०० ही १९९६ सालीच बंद झाली. तिची थोरली बहीण आरएक्स १३५ सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून २००५पर्यंत टिकली. दिल्लीत १९९८च्या अखेरीस सुटं टू-टी ऑइल विकायला बंदी आली आणि पंपावर मोजून मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. मला विचाराल तर नियम योग्यच होते. चौकात सिग्नलला उभ्या तीस रिक्षांमागे श्वास घेतलेला माणूस त्यांना नावं ठेवणार नाही.

आता या गाड्या पुन्हा हौसेनं आणि चढ्या भावानं विकल्या जाताहेत, म्हणून धूर वाचायची एक सोपी खूण. फोर-स्ट्रोकनं निळा धूर सोडला तर ते आजारपणच. सकाळी पहिल्या किकला किंवा उतारावरून थ्रॉटल दिल्यावर आला तर व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. चढावर सतत येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. टू-स्ट्रोकनं थोडा निळा धूर सोडणं हा तिचा स्वभाव आहे. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरट दाट धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्समधलं ऑइल दर आठवड्याला कमी भरत असेल, तर क्रँकचा गिअरबॉक्सकडचा सील फाटून ते ऑइल आत ओढलं जातंय. उलट धूर अजिबात नाही, फेऱ्या आपोआप वाढतात आणि थ्रॉटल सोडला तरी खाली येत नाहीत, तर मॅग्नेटकडच्या सीलमधून नुसती हवा आत जातेय. ही गाडी घाटात सीझ होणार, खरेदी करू नका.

आरएक्स घेताना आणखी एक बघा. आधीच्या मालकानं ऑइलचा पंप काढून टाकला असेल, तर टाकीत ऑइल तुम्हालाच मिसळायचं आहे. पंप असेल तर पंपातून इंजिनाकडे जाणारी नळी काढून, इंजिन चालू असताना ऑइल सरकतंय का ते स्वतः तपासा. आणि कुठल्याही परिस्थितीत फोर-स्ट्रोकचं ऑइल त्यात घालू नका. ते नीट जळत नाही, पिस्टनच्या डोक्यावर आणि पोर्टमध्ये राखेचा थर साचतो. टू-टीच घ्या, आणि कंपनीनं सांगितलेलं प्रमाण मापानं मोजून टाका.