साइनचा डेरिव्हेटिव्ह आणि ‘एल-हॉस्पिटल’चा गैरसमज

बीडमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांशी गणितावर बोलताना एक वाक्य सतत कानावर येतं. ‘सर, sin h / h चं लिमिट ना? वर-खाली शून्य येतंय, एल-हॉस्पिटल लावा. वर cos h, खाली 1, उत्तर 1. संपलं.’ उत्तर बरोबर असतं, मूल हुशार असतं आणि ही युक्ती त्याला कुणीतरी आत्मविश्वासाने शिकवलेली असते. पण जिथे sin x चा डेरिव्हेटिव्ह फर्स्ट प्रिन्सिपलने काढायचा आहे, तिथे ही युक्ती म्हणजे सिद्धता नव्हेच. का नव्हे, हे एकदा नीट मांडायलाच हवं, कारण ‘उत्तर तर आलं ना’ या सबबीखाली चूक वर्षानुवर्षं तशीच पुढे जाते आहे.

आधी मूळ काम पाहू. व्याख्येप्रमाणे आपल्याला h शून्याकडे जाताना पुढच्या राशीचं लिमिट हवं आहे:

[sin(x+h) − sin x] / h

कोनांच्या बेरजेचं सूत्र सांगतं:

sin(x+h) = sin x · cos h + cos x · sin h

ते वर ठेवून sin x असलेली पदं एकत्र केली की राशीचे दोन तुकडे पडतात:

sin x · (cos h − 1)/h + cos x · (sin h)/h

या सूत्राने x आणि h वेगळे केले. sin x आणि cos x यांना h शी काही देणंघेणं नाही, लिमिट घेताना ते जागेवरच राहतात. आता सगळा भार दोन छोट्या लिमिटवर आला: (sin h)/h चं लिमिट 1 आणि (cos h − 1)/h चं लिमिट 0. ही दोन हातात असली की उत्तर cos x. नसली, तर हातात काहीच नाही.

आणि नेमक्या याच जागी एल-हॉस्पिटल येतो. हा नियम वापरायचा तर अंशाचा, म्हणजे sin h चा, डेरिव्हेटिव्ह आधी माहीत असावा लागतो. तो कुठून आणला? ‘cos h, पाठ आहे की.’ अहो, तोच तर आपण सिद्ध करायला बसलो आहोत! शिवाय (sin h)/h म्हणजे [sin(0+h) − sin 0]/h. त्याचं लिमिट म्हणजेच शून्यापाशी साइनचा डेरिव्हेटिव्ह. आरोपीने स्वतःच स्वतःला जामीन राहावं, तसा हा प्रकार आहे.

यावर मुलं म्हणतात, ‘पण उत्तर चुकत नाही ना?’ चुकतं, आणि चुकलेलं कळतही नाही. समजा, कुणी चुकून पाठ केलं की sin x चा डेरिव्हेटिव्ह 5 cos x आहे. आता एल-हॉस्पिटल लावा: वर 5 cos h, खाली 1, लिमिट 5. हे 5 वरच्या राशीत ठेवा. (cos h − 1)/h ला तोच नियम लावला की 0 येतं, कारण अंशाचा डेरिव्हेटिव्ह sin h च्या काही पटीत येणार आणि तो शून्यावर शून्यच. शेवटी उत्तर 5 cos x. सगळं जुळलं! पाचच्या जागी सात घ्या, तेही जुळेल. जी रीत कुठल्याही आकड्याला होकार देते, तिने 1 ला दिलेल्या होकाराला काय किंमत?

खरी सिद्धता डेरिव्हेटिव्हचं नावही न घेता आकृतीतून येते. 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्र O. परिघावर A घ्या आणि h कोनावर P घ्या, h शून्य आणि काटकोन यांच्या मधला. A पाशी स्पर्शिका काढा, ती OP वाढवल्यावर T ला मिळेल. आता तीन आकृत्या एकात एक बसलेल्या दिसतात: आत त्रिकोण OAP, त्याला सामावणारी वर्तुळाची पाकळी OAP, आणि तिलाही सामावणारा त्रिकोण OAT. त्यांची क्षेत्रफळं अनुक्रमे ½ sin h, ½ h आणि ½ tan h. म्हणून

sin h < h < tan h

sin h ने भागून उलटं केलं की

cos h < (sin h)/h < 1

h शून्याकडे गेला की डावीकडचा cos h वर चढत 1 ला भिडतो. मधल्या राशीला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. h ऋण घेतला तरी वर-खाली दोन्हीकडे चिन्ह बदलतं, किंमत तीच राहते.

इथे जाणकार विचारतील, पाकळीचं क्षेत्रफळ ½ h हे कुठून आलं? रेडियनमध्ये मोजलेला कोन म्हणजे 1 त्रिज्येच्या वर्तुळावरच्या कंसाची लांबी, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ परीघ गुणिले त्रिज्येच्या निम्मं असतं, हे आर्किमिडीजने कॅल्क्युलसच्या कितीतरी शतकं आधी दाखवलं होतं. साइनचा डेरिव्हेटिव्ह त्यात कुठेच नाही.

दुसरं लिमिट पहिल्यावरूनच निघतं. ‘cos 0 म्हणजे 1, म्हणून वर शून्य, म्हणून उत्तर शून्य’ असं उरकू नका. खालीही शून्यच आहे. वर-खाली (1 + cos h) ने गुणा:

(1 − cos h)/h = (sin h)/h · sin h/(1 + cos h)

पहिला अवयव 1 कडे, दुसरा 0/2 कडे. गुणाकार 0, चिन्ह बदललं तरी 0. सिद्धता इथे पुरी झाली.

हे दोन तुकडे आकड्यांत पाहायचे तर भास्कराचार्यांकडे जावं. जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला 36 व्या वर्षी, 1150 मध्ये. जुन्या कोष्टकांत त्रिज्या 3438 धरून दर 225 कलांना, म्हणजे पावणेचार अंशांना, ज्या दिलेली असे. ज्या म्हणजे आपला साइन गुणिले त्रिज्या. या कोष्टकात 30 अंशांची ज्या 1719 आहे, तिच्या आधीची 1520 आणि नंतरची 1910. म्हणजे 30 अंशांवर येताना ज्या 199 ने वाढली आणि तिथून पुढे 191 ने. मग नेमक्या 30 अंशांवर वाढीचा वेग किती धरायचा?

भास्कराचार्यांचा नियम असा: कोटिज्या (कोसाइन गुणिले त्रिज्या) जेव्हा 3438 असते, म्हणजे शून्य अंशावर, तेव्हा वाढ 225. मग इष्ट कोटिज्येला किती, हे त्रैराशिकाने काढा. 30 अंशांची कोटिज्या 2978. म्हणून 225 × 2978 ÷ 3438, म्हणजे सुमारे 195. हा आकडा 199 आणि 191 यांच्या बरोबर मध्ये आहे. याला ते तात्कालिक म्हणतात. याची गरज होती चंद्रासाठी: त्याची गती मोठी आणि दिवसभरात बदलणारी, त्यामुळे तिथी संपण्याची वेळ काढताना दिवसभराची सरासरी गती पुरत नाही.

मग पुढचा फरक 195 न येता 191 का? बेरजेच्या सूत्राला विचारा. h = पावणेचार अंश. cos x · sin h या तुकड्यातून येतात 2978 × 0.0654, म्हणजे 194.8. sin x · (cos h − 1) मधून येतात 1719 × (−0.00214), म्हणजे −3.7. बेरीज 191.1. कोष्टकातला 191 सापडला. ही चार कलांची तूट म्हणजेच आपला दुसरा तुकडा. h निम्मा केला की पहिला तुकडा साधारण निम्मा होतो, पण दुसरा साधारण पावपट. म्हणून h ने भागल्यावरही दुसरा तुकडा घटतच जातो आणि लिमिटमध्ये नाहीसा होतो.

आणि शून्यापाशी 225 कलांच्या कंसाला 225 हीच ज्या का? कारण 3438 ही त्रिज्या कलांतच मोजली आहे: परीघ 21600 कला, त्याला 2π ने भागलं की सुमारे 3438. त्रिज्या आणि कंस एकाच मापाने मोजले की छोट्या कंसाची ज्या त्या कंसाइतकीच. आपलं पहिलं लिमिट आणि रेडियन, दोन्ही या एका नोंदीत आहेत.

आता उरलेले गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: कोन अंशांत असला तरी sin चा डेरिव्हेटिव्ह cos च.
वस्तुस्थिती: कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून sin 0.01 ला 0.01 ने भागा. 1 नाही, 0.01745 येईल. तो π/180 आहे, आणि अंशांतला डेरिव्हेटिव्ह (π/180) cos x. पाठांतरावर चालणारा एल-हॉस्पिटल इथेही 1 च सांगेल.

गैरसमज: कॅल्क्युलेटरवर 0.1 ला 0.99833 आणि 0.01 ला 0.99998 आलं, म्हणजे लिमिट 1 सिद्ध झालं.
वस्तुस्थिती: तो अंदाज, चांगला अंदाज. सिद्धता वरच्या असमानतेत आहे.

गैरसमज: भास्कराचार्यांनी पुस्तकातलीच सिद्धता दिली आणि ते यात पहिलेच.
वस्तुस्थिती: बेरजेचं सूत्र त्यांच्या ‘ज्योत्पत्ति’त आहे आणि साइनच्या वाढीला कोसाइनचं प्रमाण त्यांनी स्पष्ट दिलं आहे, पण लिमिटची सर्वसाधारण व्याख्या त्यांच्याकडे नाही. ग्रहगतीत कोटिज्येचा असा वापर त्यांच्याही आधी मुंजालाच्या दहाव्या शतकातल्या ‘लघुमानसा’त दिसतो.

गैरसमज: भास्कराचार्य बीडचेच, यात वाद नाही.
वस्तुस्थिती: त्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड सांगितलं आहे. काही अभ्यासक ते बीड मानतात, तर काही चाळीसगावजवळचं पाटण, जिथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, उभारलेल्या मठाचा शिलालेख आहे.

गैरसमज: मग एल-हॉस्पिटल कधीच वापरू नये.
वस्तुस्थिती: जरूर वापरावा, पण साइनचा डेरिव्हेटिव्ह स्वतंत्रपणे सिद्ध झाल्यानंतर, इतर लिमिटसाठी. अकरावीच्या पुस्तकात लिमिटचं प्रकरण डिफरन्सिएशनच्या आधी येतं, ते याच क्रमासाठी. सिद्धता लिहून झाली की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एक प्रश्न विचारा: ही ओळ लिहिताना मी sin चा डेरिव्हेटिव्ह वापरला का? एका ठिकाणी जरी ‘हो’ आलं, तरी ती ओळ खोडा आणि पाकळीची आकृती काढा.