इम्पोर्टचं बिल ५,००० डॉलरचं, मग कस्टम्सने ड्युटी जास्त रकमेवर का लावली?

इम्पोर्टच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: "मॅडम, सप्लायरचं इन्व्हॉइस इतक्याचं आहे, मी पैसेही तेवढेच पाठवले, मग बिल ऑफ एंट्रीवर रक्कम वाढलेली का दिसते?" व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे नीट आकडे मांडून सांगते. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. त्या चुकीत एकाच खेपेला जवळपास वीस हजार रुपये जास्त भरावे लागले होते.

ड्युटी कशावर लागते?

कस्टम्स ड्युटी इन्व्हॉइसच्या रकमेवर लागत नाही. ती 'असेसेबल व्हॅल्यू'वर लागते. सोप्या भाषेत, माल भारताच्या बंदरात किंवा विमानतळावर पोचेपर्यंत त्याची जी किंमत होते ती. म्हणजे मालाची किंमत, तिथून इथपर्यंतचं भाडं आणि वाटेतला विमा. हा नियम १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १४ मध्ये आणि २००७ च्या व्हॅल्युएशन नियमांतल्या नियम १० मध्ये आहे.

आता तुमच्या इन्व्हॉइसवर यातलं काय आलंय आणि काय राहिलंय, हे 'टर्म्स' या रकान्यातून कळतं. एफओबी लिहिलं असेल तर माल तिकडच्या जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च धरलाय, म्हणजे भाडं आणि विमा दोन्ही वरून मिळवायचे. सीएफआर असेल तर भाडं आत आहे, फक्त विमा मिळवायचा. सीआयएफ असेल तर दोन्ही आत आहेत, वरून काही नाही. आणि एक्सवर्क्स असेल तर सांभाळा. त्यात फॅक्टरीच्या दारापर्यंतचीच किंमत असते. तिथून बंदरापर्यंतची गाडी, तिकडचं एक्सपोर्ट क्लिअरन्स, जहाजावर चढवणं, हे सगळं तुम्ही वेगळं भरता आणि तेही किमतीत मिळवावं लागतं.

कागद नसेल तर काय होतं?

खरी गोम इथे आहे. भाडं नेमकं किती लागलं हे कागदाने दाखवता आलं नाही, तर नियम स्वतःच आकडा ठरवतो: भाडं म्हणून एफओबी किमतीच्या २० टक्के आणि विम्यासाठी १.१२५ टक्के. तुम्ही प्रत्यक्षात कमी भरलं असलं तरी कागद नसल्यामुळे हाच आकडा धरला जातो.

सीएफआर इन्व्हॉइसमध्ये एफओबी वेगळं दाखवलेलं नसेल आणि विम्याचा कागदही नसेल, तर हे १.१२५ टक्के सीएफआरच्या पूर्ण रकमेवर धरतात.

माझी खेप: आकड्यांसकट

माझ्या दुकानासाठी मी चीनमधल्या निंगबोहून गिफ्ट पॅकिंगचं सामान मागवलं होतं. पूर्ण कंटेनर नव्हता, इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येणारी एलसीएल खेप होती. उतरणार होती न्हावा शेवाला. इन्व्हॉइस एफओबी, ५,००० डॉलर. समुद्राचं भाडं फॉरवर्डरने ३०० डॉलर सांगितलं होतं आणि विम्याची पॉलिसी मी इथे ८५० रुपयांत काढली होती.

गणित सोपं राहावं म्हणून डॉलर ८५ रुपये, बेसिक ड्युटी १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. तुमच्या मालाचे दर तुमच्या एचएसएन कोडप्रमाणे वेगळे असतील. डॉलरचा दर मात्र तुमच्या बँकेचा चालत नाही. कस्टम्सने जाहीर केलेला आणि बिल ऑफ एंट्री दाखल केलेल्या दिवशी लागू असलेला दर धरतात.

खरे कागद लावले असते तर हिशोब असा झाला असता:

- एफओबी: ४,२५,००० रुपये
- भाडं: २५,५०० रुपये
- विमा: ८५० रुपये
- असेसेबल व्हॅल्यू: ४,५१,३५० रुपये

प्रत्यक्षात असा झाला:

- एफओबी: ४,२५,००० रुपये
- भाडं, २० टक्क्यांनी: ८५,००० रुपये
- विमा, १.१२५ टक्क्यांनी: ४,७८१ रुपये
- असेसेबल व्हॅल्यू: ५,१४,७८१ रुपये

फरक ६३,४३१ रुपयांचा. आता त्यावर ड्युटी कशी चढते ते बघा. १० टक्के बेसिक ड्युटी, त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे किमतीच्या १ टक्का. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. एकूण मिळून असेसेबल व्हॅल्यूच्या ३०.९८ टक्के. पहिल्या हिशोबाने १,३९,८२८ रुपये भरायचे होते, मी १,५९,४७९ भरले. १९,६५१ रुपये जास्त.

यातला आयजीएसटीचा भाग, साधारण १२,६७४ रुपये, इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, कारण माझं जीएसटी रेग्युलर आहे. पण उरलेले ६,९७७ रुपये बेसिक ड्युटी आणि सरचार्जचे, ते गेले ते गेले. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटही नाही, पूर्ण १९,६५१ तुमच्या मालाच्या खर्चात बसतात.

चूक कुठे झाली?

भाडं मी भरलं होतं, विमाही काढला होता. फक्त फॉरवर्डरचं फ्रेट सर्टिफिकेट ब्रोकरकडे पोचलं नव्हतं. फॉरवर्डर म्हणाला, "नंतर पाठवतो." विम्याची पॉलिसी माझ्या मेलमध्येच पडून होती. बिल ऑफ एंट्री उशिरा भरलं की दंड लागतो, म्हणून ब्रोकरने थांबायला नको म्हणून २० टक्के आणि १.१२५ टक्के टाकून दिलं. दाखल करण्याआधी त्याने मला चेकलिस्ट पाठवली होती. मी फक्त नाव, जीएसटी नंबर आणि मालाची यादी बघितली आणि "ओके" लिहिलं. 'फ्रेट २०%' असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे दोष एकट्या ब्रोकरवर ढकलण्यात अर्थ नाही. कायद्यातही असेसमेंट इम्पोर्टरनेच स्वतः करायची असते, ब्रोकर आपल्या वतीने ती भरतो.

"मग नंतर दुरुस्त करता येत नाही का?" येतं. कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत बदल मागता येतो. पण माल सुटून गेला असेल, तर सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारावरच. माझं फ्रेट सर्टिफिकेट माल सुटल्यानंतरच्या तारखेचं होतं. पुढे अर्ज, फेऱ्या, ब्रोकरची वेगळी फी. सात हजारांसाठी मी ते सोडून दिलं. असेसमेंट बदलल्याशिवाय नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

२० टक्के आपल्या फायद्याचे असतील तर?

हा प्रश्न हुशार लोक विचारतात. समजा माल हलका पण जागा खाणारा आहे, फोमच्या वस्तूंसारखा. एफओबी १,००० डॉलर आणि समुद्राचं भाडं ३५० डॉलर. मग भाड्याचं बिल लपवून २० टक्के, म्हणजे २०० डॉलरच दाखवले तर? नाही चालत. २० टक्के हा कागद नसेल तेव्हाचा पर्याय आहे, आपल्या सोयीने निवडायचा दर नाही. खरं भाडं माहीत आहे तर पूर्ण ३५० मिळवायचे. फॉरवर्डरचं बिल, तुमचं बँक पेमेंट आणि जीएसटीची नोंद जुळवून पाहिली की ते उघड होतं. मग कमी भरलेली ड्युटी व्याजासकट, आणि जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर वर दंड.

हवाई मार्गाचं मात्र वेगळं आहे. विमानाचं भाडं कितीही असलं तरी असेसेबल व्हॅल्यूसाठी एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. २०० डॉलरचं सॅम्पल मागवलं आणि भाडं १५० डॉलर पडलं, तर किमतीत ४० डॉलरच मिळवायचे. ब्रोकरने पूर्ण १५० टाकले असतील तर तिथेच थांबवा. ही सवलत समुद्राला नाही.

आणखी एक. माल उतरल्यावर न्हावा शेवाला जे खर्च होतात, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरची फी, सीएफएसचं भाडं, तिथून दुकानापर्यंतचा टेम्पो, ते असेसेबल व्हॅल्यूत येत नाहीत. पूर्वी १ टक्का लँडिंग चार्जेस सरसकट मिळवायचे, ते २०१७ मध्ये बंद झाले. कुणाच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये ती ओळ अजून असेल तर काढून टाका. पण त्याचा अर्थ समुद्राचं भाडं 'लोकल चार्जेस' नावाखाली लपवायला मोकळीक आहे असा नाही.

विमा काढायचा की नाही?

"माल छोटा आहे, विमा कशाला," असं पुष्कळ जण म्हणतात. माझ्याच खेपेचे आकडे घ्या. विम्याचा कागद नसल्यामुळे ४,७८१ रुपये किमतीत मिळवले गेले आणि त्यावर १,४८१ रुपये ड्युटी आणि कर गेला. पॉलिसी लावली असती तर ८५० रुपयांवर फक्त २६३ रुपये गेले असते. म्हणजे पॉलिसीचा प्रीमियम आणि त्यावरचा कर मिळून १,११३. विमा नसताना तुम्ही खिशातून त्या वेळी जास्त पैसे काढता आणि माल भिजला तर हातात काहीच नाही.

मी आता काय करते

ऑर्डर देतानाच फॉरवर्डरला लिहून कळवते की जहाज सुटल्याबरोबर फ्रेट सर्टिफिकेट हवं, त्यावर बिल ऑफ लेडिंगचा नंबर आणि भाड्याची रक्कम हवी. विम्याची पॉलिसी त्याच दिवशी ब्रोकरला पाठवते. आणि चेकलिस्ट आली की आधी पाच जागा बघते: टर्म्स, फ्रेट, इन्शुरन्स, डॉलरचा दर आणि असेसेबल व्हॅल्यू. फ्रेटच्या पुढे गोल २० टक्के दिसले की "ओके" लिहायचं नाही, आधी फोन लावायचा.

तुमच्याकडे जुनं बिल ऑफ एंट्री असेल तर आत्ता काढा आणि फ्रेटच्या रकमेला एफओबीने भागून बघा. उत्तर बरोबर ०.२० आलं तर त्या खेपेचं भाड्याचं बिल शोधा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा. कॅल्क्युलेटर घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात एक्सवर्क्सचं इन्व्हॉइस घेऊन असाच पूर्ण हिशोब करू.