श्रीयंत्राचे मर्म : एका छायाचित्राच्या निमित्ताने

श्रीयंत्राची प्राथमिक ओळख करून देण्याचे प्रयोजन या अंकाच्या वाचकांपुढे नाही. बिंदूपासून भूपुरापर्यंतची नऊ आवरणे, त्यांची नावे, त्यांच्या देवता आणि त्यांचे मंत्र यांविषयी आपल्याकडे आजवर विपुल लिहिले गेले आहे, आणि तो अधिकार उपासकांचा आहे. माझा ध्यास निराळा आहे, आणि तो फार जुना आहे : हे यंत्र एक पवित्र भूमितीय आकृती म्हणून, हाती पट्टी व कंपास घेऊन, वाचावे. या वर्षी एका स्नेह्यांनी आपल्या घराण्यातील ताम्रपत्रावर कोरलेल्या श्रीयंत्राचे छायाचित्र माझ्याकडे पाठविले, आणि त्या निमित्ताने हा आढावा लिहावयास घेतला आहे.

बाहेरच्या भागाचा तपशील थोडक्यात आटोपता येतो. तीन रेषांचे चौरस भूपुर, त्याच्या चारही बाजूंच्या मध्यभागी एकेक द्वार, आत तीन वृत्ते, मग सोळा पाकळ्यांचे व आठ पाकळ्यांचे अशी दोन कमले. वर्तुळाचे आठ वा सोळा समान भाग करणे हे शाळेतल्या मुलालाही साधते. द्वारांची परीक्षाही सोपी : समोरासमोरच्या द्वारांचे मध्य जोडणाऱ्या दोन्ही रेषा वर्तुळाच्या मध्यातून गेल्या पाहिजेत. पाकळीचे टोक किती निमुळते असावे, तिच्यात केसर दाखवावेत की नाही, ही प्रत्येक परंपरेची आणि कारागिराच्या हाताची मुखत्यारी आहे. तेथे वाद घालण्यात मला स्वारस्य नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो कमलाच्या गाभ्यात. पाच अधोमुख आणि चार ऊर्ध्वमुख असे नऊ त्रिकोण एकमेकांत असे गुंतले आहेत की त्यांच्या छेदांतून एकूण त्रेचाळीस लहान त्रिकोण निर्माण व्हावेत : बाहेरून आत चौदा, दहा, पुन्हा दहा, आठ आणि मध्ये एक. जेथे दोन रेषा छेदतात त्या स्थानाला संधी म्हणतात आणि जेथे तीन रेषा एकाच ठिकाणी येऊन मिळतात त्याला मर्म. अशी मर्मे अठरा मोजली जातात, आणि संपूर्ण आकृतीचा भार या अठरा बिंदूंवर आहे, कारण एखाद्या मर्मात तिसरी रेषा केसभर जरी सरकली तरी तेथे एक बारीकसा अनाहूत त्रिकोण उघडतो व त्रेचाळीसची मोजणी बिघडते.

सौंदर्यलहरीच्या टीकापरंपरेतून आलेली एक रेखनरीत माझ्या विशेष आवडीची आहे. तीत वर्तुळाच्या उभ्या व्यासाचे अठ्ठेचाळीस भाग करतात आणि वरून खाली सहा, सहा, पाच, तीन, तीन, चार, तीन, सहा, सहा या अंतरांवर नऊ आडव्या रेषा ओढतात. शेवटी सहा भाग उरतात. तिसरी व सातवी रेषा वर्तुळापर्यंत पूर्ण ठेवावयाची. बाकीच्यांची टोके ठरावीक भागांनी पुसावयाची, जसे पहिलीची दोन्हीकडून तीन भाग आणि दुसरीची पाच. मग प्रत्येक रेषेची टोके दुसऱ्या नेमून दिलेल्या रेषेच्या मध्याशी जोडावयाची : पहिलीची सहावीच्या मध्याशी, दुसरीची नववीच्या, आणि सातवीची व्यासाच्या अगदी वरच्या टोकाशी.

आता व्यास अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचा घ्या, म्हणजे एक भाग एक सेंटिमीटरचा होईल, आणि उजव्या अंगाची दोन मर्मे तपासा. तिसऱ्या रेषेवर मोठ्या ऊर्ध्वमुख त्रिकोणाची बाजू मध्यरेषेपासून १३.१७ सेंटिमीटरवर येते व दुसऱ्या रेषेच्या त्रिकोणाची १३.१५ वर, हा फरक पेन्सिलीच्या रेघेतच लपतो. परंतु दुसऱ्या रेषेवर तीच मोठी बाजू ९.३० वर येते आणि पहिल्या रेषेच्या त्रिकोणाची ९.२० वर. येथे पुरा एक मिलिमीटर चुकतो. म्हणजे परंपरेने दिलेले पूर्णांक हे हाताने रेखाटणाऱ्यासाठी केलेली एक अत्यंत चतुर तजवीज आहे. शेवटचा मिलिमीटर कारागिराने नजरेने, रेषा किंचित सरकवून, जुळवावयाचा असतो. पूर्णांशाने सगळी मर्मे जुळविणे किती बिकट आहे हे मॉस्कोचे कुलाइचेव्ह यांनी १९८४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’मधील लेखात समीकरणे मांडून दाखविले. अशा गणिताला आपल्याकडे अजूनही उपासनेच्या बाहेरची उठाठेव समजतात, याचे मला मनापासून दुःख होते.

येथे मला काही विद्वानांशी स्पष्ट भांडावयाचे आहे. त्यांची नावे घेत नाही. यंत्रातील मोठ्या त्रिकोणाचा पायाचा कोन इजिप्तमधील महापिरॅमिडच्या उताराइतका, म्हणजे सुमारे ५१.८ अंशांचा, असतो असे ते वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत, आणि पुराव्यादाखल छायाचित्रांवर कोनमापक ठेवतात. वर सांगितलेल्या रीतीने दोन मोठ्या त्रिकोणांचे कोन ५२.२ व ५३.५ अंश येतात. ते परस्परांशीही समान नाहीत. आता माझ्या समोरचे छायाचित्र घ्या. त्यात वर्तुळाची रुंदी वीस तर उंची एकोणीस भरते, याचा अर्थ ताम्रपत्र कॅमेऱ्यापासून सुमारे अठरा अंशांनी कललेले होते. तेवढ्या कलाने ५२.२ अंशांचा कोन कागदावर ५०.८ होतो. कमी कललेल्या एखाद्या छायाचित्रात तो नेमका ५१.८ दिसेल, आणि त्यावर एक प्रबंध उभा राहील!

छायाचित्र लांबी बदलते, कोन बदलते. परंतु तीन सरळ रेषा एका बिंदूत मिळत असतील तर कोणत्याही कोनातून टिपल्या तरी त्या एकाच बिंदूत मिळतात, आणि मिळत नसतील तर मिळत नाहीत. म्हणून छायाचित्रावरून यंत्राची पारख करावयाची तर ती मर्मांवरूनच करावी. निगेटिव्ह उलटी छापली गेली तरी बिघडत नाही, कारण आकृती डावी-उजवीकडे सारखीच आहे. मात्र डोके खाली झाले तर पाच अधोमुख त्रिकोण ऊर्ध्वमुख दिसतील, आणि काही परंपरांत यंत्र मुळातच तसे मांडतात, तेव्हा मालकाला विचारल्यावाचून निर्णय देऊ नये.

माझ्या स्नेह्यांच्या ताम्रपत्रावर वरची मर्मे स्वच्छ जुळलेली आहेत. खाली डावीकडे, आठव्या रेषेपाशी, एक अनाहूत त्रिकोण उघडलेला आहे, आणि त्याच्या शेजारी कारागिराने रेषा पुन्हा कोरून दुरुस्तीचा यत्न केल्याची खूण भिंगातून दिसते. ती दुसरी रेघ मला फार मोलाची वाटली, कारण चूक त्याच्या लक्षात आली होती. आज बाजारात मिळणाऱ्या छापील व यंत्रावर कापलेल्या पत्र्यांत रेषाच इतक्या जाड असतात की मर्म चुकले की साधले हे कळूच नये; जाडी हा आजचा झाकणारा पडदा झाला आहे, आणि विकणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही त्याची खंत नाही.

ज्यांच्या देवघरात जुने कोरीव यंत्र आहे त्यांनी ते घासूनपुसून चकचकीत करण्यापूर्वी त्याचे समोरून, सपाट धरून, तिरप्या उजेडात एक छायाचित्र घ्यावे आणि अठरा मर्मांपैकी किती जुळतात ते पाठीमागे लिहून ठेवावे. चिंच व राखेने घासल्यावर बारीक रेषा आधी जातात.