इटालियनचा ‘असेल’

दारावरची बेल वाजते आणि रोममधली आई म्हणते, ‘सारा मार्को.’ क्रियापद भविष्यकाळाचं, पण बोलणं आत्ताचं. इंग्रजीत याचं शब्दशः ‘विल बी’ करण्यापेक्षा ‘मस्ट बी’ किंवा ‘प्रॉबेबली’ बरं, कारण ‘विल बी’ अनेकदा उद्याची गोष्ट वाटते. मराठीत मात्र सरळ ‘मार्को असेल’. आपलाही भविष्यकाळ अंदाज बांधतो.

मात्र ही सोय ‘असणे’पुरतीच. ‘आ क्वेस्तोरा दोर्मिरा’ याचं ‘एव्हाना तो झोपेल’ केलं, तर तो अजून जागा आहे असा अर्थ होतो. इथे ‘एव्हाना झोपला असेल’ हवं. ‘आव्रा पेर्सो इल त्रेनो’ हा झालेल्या गोष्टीचा अंदाज: ‘त्याची गाडी चुकली असेल.’

ओळखायचं कसं? शेजारचा कालवाचक शब्द पाहावा. ‘दोमानी’, म्हणजे उद्या, असेल तर खरा भविष्यकाळ. ‘आदेस्सो’, म्हणजे आत्ता, असेल तर बहुधा अंदाज. शब्दच नसेल, तर प्रसंग पाहावा.

‘सारा रिक्को, मा...’ हा अंदाजही नाही, नाइलाजाची कबुली आहे. इंग्रजीत इथे ‘मस्ट’ चुकतं, ‘मे’ लागतं. मराठीत क्रियापद पुढे आणलं की झालं: ‘असेल श्रीमंत, पण...’