मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘हे कोण बोललं?’ ते मशीनला कसं कळतं? आणि कुठे कळत नाही?

मुलाखत रेकॉर्ड करायची, फाइल अपलोड करायची आणि पाच-दहा मिनिटांत सगळं बोलणं टाइप होऊन समोर. पॉडकास्टवाले, पत्रकार, पीएचडी करणारे, सगळेच आता हे करतात. पण बोलणं टाइप होणं आणि ते कोणाचं आहे हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही दोन कामं करणारी यंत्रणाही बहुतेक वेळा वेगवेगळी असते. उदाहरणार्थ, ‘ओपनएआय’ने 2022 मध्ये आणलेलं व्हिस्पर हे मॉडेल आवाजाचं अक्षरांत रूपांतर करतं. चार जण बोलत असले तरी ते त्यांचं बोलणं सलग लिहीत जातं.

कोण कधी बोललं हे शोधण्याच्या कामाला म्हणतात ‘स्पीकर डायरायझेशन’. डायरी या शब्दावरूनच आलेलं नाव. रेकॉर्डिंगची एक रोजनिशी लिहायची: या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत पहिला माणूस, मग दुसरा, मग परत पहिला.

हे नेमकं कसं होतं ते एका काल्पनिक मुलाखतीवरून बघू.

समजा, तुम्ही पाणीटंचाईच्या बातमीसाठी एका गावात गेलात. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात सरपंचबाई आहेत, ग्रामसेवक आहेत आणि तुम्ही. टेबलावर मोबाइल ठेवून 40 मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. मध्येच सरपंचबाईंचे पती आत आले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि अधूनमधून उत्तरं देऊ लागले. (ज्यांनी गावात जाऊन बातम्या केल्यात त्यांना हे दृश्य नवीन नाही.)

चौदाव्या मिनिटाला तुम्ही विचारता, “टँकरची बिलं कोण तपासतं?” सरपंचबाई म्हणतात, “ग्रामसेवक तपासतात, मग माझ्याकडे येतात.” त्यांचं वाक्य संपायच्या आत पतिराज म्हणतात, “मीच बघतो हो सगळं, सही तेवढी तिची असते.”

बातमी या एका वाक्यात आहे. आता बघू मशीन त्याचं काय करतं.

आधी तुकडे, मग आवाजाचा ठसा

या क्षेत्रात pyannote नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर खूप वापरलं जातं. ते तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे नाव गुप्त ठेवायचं असलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग बाहेर कुठे पाठवावं लागत नाही. त्याच्या 3.1 या आवृत्तीचं काम साधारण तीन टप्प्यांत चालतं.

पहिल्या टप्प्यात 10-10 सेकंदांच्या खिडकीतून रेकॉर्डिंग ऐकलं जातं. इथे कोणी बोलतंय की नुसता पंखा फिरतोय? बोलणारा बदलला का? दोघं एकदम बोलतायत का? या टप्प्यावर मशीनला फक्त त्या 10 सेकंदांपुरतं कळतं. आधीच्या खिडकीतली बाई आणि या खिडकीतली बाई एकच आहे, हे त्याला अजून माहीत नसतं.

ते कळावं म्हणून दुसरा टप्पा. बोलण्याच्या प्रत्येक तुकड्यातून आकड्यांची एक लांब रांग काढली जाते. तिला आपण आवाजाचा ठसा म्हणू. काय शब्द बोलले याच्याशी तिला जवळपास देणंघेणं नसतं. आवाज कसा आहे याच्याशी असतं. एकाच माणसाचे ठसे एकमेकांच्या जवळ पडावेत आणि वेगळ्या माणसांचे लांब, अशा पद्धतीने हे मॉडेल हजारो लोकांचे आवाज ऐकवून शिकवलेलं असतं.

तिसऱ्या टप्प्यात या ठशांचे गठ्ठे बांधले जातात. जवळजवळचे ठसे एका गठ्ठ्यात, लांबचे दुसऱ्या. एक गठ्ठा म्हणजे एक माणूस. नाव अर्थातच मशीनला माहीत नसतं, म्हणून ते नंबर देतं. आपल्या चौदाव्या मिनिटाचं उत्तर साधारण असं दिसेल (सुरुवात, शेवट, कोण):

```
00:14:02.1   00:14:05.2   SPEAKER_00
00:14:05.6   00:14:09.3   SPEAKER_01
00:14:08.6   00:14:12.4   SPEAKER_02
```

दुसरी ओळ 9.3 सेकंदांना संपते आणि तिसरी 8.6 लाच सुरू होते. म्हणजे 0.7 सेकंद दोघं एकदम बोलत होते आणि ते मशीनने पकडलं. छान. पण हा SPEAKER_02 कोण आहे? पुढे-मागे ऐकलं तर लक्षात येतं की ग्रामसेवकांच्या सगळ्या उत्तरांवरही SPEAKER_02 हेच लेबल आहे.

चौथा माणूस कुठे गेला?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘किती जण बोलतायत’ हा आकडा आधीच देता येतो. pyannote मध्ये त्याला num_speakers म्हणतात. तुम्ही मुलाखत ठरवली तेव्हा तिघं होते, म्हणून तुम्ही 3 टाकलं. आता चार आवाजांचे तीनच गठ्ठे करायचे म्हटल्यावर जे दोन आवाज सगळ्यात जवळचे वाटतील ते एकत्र जाणार. इथे दोन मध्यमवयीन पुरुष, एकाच खोलीत, एकाच मोबाइलवर रेकॉर्ड झालेले. शिवाय पती माइकपासून लांब उभे, एकूण बोलणं दीड मिनिटाचं, तेही तुटक. त्यांचा वेगळा गठ्ठा व्हायला पुरेसा मालच नाही.

म्हणजे ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘मीच बघतो हो सगळं’ हे वाक्य ग्रामसेवकाच्या नावावर पडलं. एका सरकारी कर्मचाऱ्याने टँकरच्या बिलांबद्दल हे असं म्हणणं आणि सरपंचाच्या नवऱ्याने म्हणणं या दोन पूर्णपणे वेगळ्या बातम्या आहेत. त्यातली एक खोटी आहे.

मग आकडा दिलाच नाही तर? तेव्हा मशीन स्वतः अंदाज लावतं आणि कधी उलटी गडबड करतं. सरपंचबाई चिडून मोठ्याने बोलल्या किंवा खिडकीतून बाहेर कोणाला हाक मारली, तर त्यांचाच आवाज वेगळा वाटून SPEAKER_03 तयार होतो.

म्हणून माझं मत असं आहे की तीच फाइल दोनदा चालवावी, एकदा 3 टाकून आणि एकदा 4 टाकून. दोन्ही निकालांत ज्या ओळींचं लेबल बदललं, तिथेच शंका आहे. तेवढ्याच जागा हेडफोन लावून ऐकायच्या. चाळीस मिनिटं पुन्हा ऐकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

‘93 टक्के अचूक’ म्हणजे काय?

या क्षेत्रात चूक मोजायची पद्धत ठरलेली आहे. तीन प्रकारचे सेकंद मोजायचे: बोलणं असून सुटलेले, बोलणं नसताना धरलेले आणि चुकीच्या माणसाला दिलेले. त्यांची बेरीज करून एकूण बोलण्याच्या वेळेने भागायचं.

आपल्या उदाहरणात 40 मिनिटांपैकी प्रत्यक्ष बोलणं 30 मिनिटं, म्हणजे 1800 सेकंद धरू. सुटलेले 20, उगाच धरलेले 10 आणि पतीचे सगळे 90 सेकंद ग्रामसेवकाच्या नावावर. बेरीज 120. म्हणजे चूक 6.7 टक्के. कागदावर हा निकाल चांगलाच दिसेल. फक्त एक अख्खा माणूस गायब आहे.

दुसरी गोम याहून बारीक आहे. बोलणं नेमकं कोणत्या क्षणी सुरू झालं यावर दोन माणसांचंही एकमत होत नाही. म्हणून अनेक चाचण्यांमध्ये प्रत्येक सुरुवातीच्या आणि शेवटाच्या दोन्ही बाजूंचे पाव-पाव सेकंद मोजणीतून वगळायची पद्धत आहे. आता ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? साधारण 0.4 सेकंद. सुरुवातीचा पाव आणि शेवटचा पाव वगळला की त्यातलं काहीच उरत नाही. म्हणजे तो ‘हो’ कोणाच्याही नावावर टाका, गुण कापले जात नाहीत. “पैसे मिळाले का?” “हो.” मुलाखतीतलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

आणि अशा उत्तरांवरच मशीन सगळ्यात जास्त अडखळतं. अर्ध्या सेकंदाच्या आवाजातून नीट ठसा निघत नाही. त्यासाठी काही सेकंदांचं सलग बोलणं लागतं.

त्यात शब्द आणि लेबलं जोडतानाची गंमत वेगळीच. ट्रान्स्क्रिप्टचे शब्द एका यंत्रणेकडून येतात, लेबलं दुसरीकडून, आणि दोन्ही वेळेवरून जुळवली जातात. शब्दागणिक वेळ नसेल, फक्त वाक्यागणिक असेल, तर प्रश्न आणि छोटं उत्तर एकाच ओळीत अडकतात: “टँकर किती येतात दोन”. अख्खी ओळ, ज्याचं बोलणं जास्त त्याच्या नावावर, म्हणजे तुमच्या.

मराठीचा एक फायदा

मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, इंग्रजीत ही सोय नाही. ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘करते’, ‘करतो’, ‘गेले’, ‘गेलो’ असे शब्द शोधायचे. एकाच लेबलखाली ‘मी बघते’ आणि ‘मी बघतो’ दोन्ही सापडले, तर त्या गठ्ठ्यात दोन माणसं असायची शक्यता आहे. अर्थात कोल्हापूरकडे मुलीही ‘मी येतो’ म्हणतात, आणि टाइप करणारं मॉडेल शेवटचं अक्षर चुकवूही शकतं. शिवाय आपल्या उदाहरणातल्यासारखे दोन्ही पुरुष असतील तर ही युक्ती काहीच कामाची नाही.

तिथे दुसरी खूण बघायची: प्रश्नाचं उत्तर कोणाच्या लेबलवर आलंय. तुमच्या प्रश्नालगतचं उत्तरही SPEAKER_00 असेल, किंवा सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नावर अचानक SPEAKER_02 उगवला असेल, तर तिथे थांबून ऐकायचं.

रेकॉर्डिंग करतानाच काय करता येईल?

खरं तर निम्मं भांडण इथेच मिटतं. सुरुवातीला प्रत्येकाला नाव, गाव, काम असं 20-30 सेकंद एकट्याने बोलायला लावा. मधे कोणी आलं तर त्यालाही नाव विचारा. कुठल्या नंबरला कोणतं नाव द्यायचं हे त्यावरून ठरवता येतं, आणि चौथा माणूस आहे हे रेकॉर्डवर राहतं.

कॉलरला लावायचे दोन वायरलेस माइक असतील तर रिसीव्हरवर मोनो आणि स्टिरिओ असा पर्याय आहे का ते बघा. स्टिरिओ ठेवला की एक माणूस डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला रेकॉर्ड होतो. मात्र अशी फाइल तशीच डायरायझेशनला देऊ नका. बरीच सॉफ्टवेअर दोन्ही बाजू आधी एकत्र करतात आणि मगच काम सुरू करतात. मिळालेला फायदा तिथेच जातो. ऑडॅसिटीसारख्या मोफत एडिटरमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या करून दोन फाइल बनवा आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र टाइप करून घ्या. शेजारच्या माणसाचा आवाज हलकासा दोन्हीकडे येतो, पण कोणाचा मोठा आहे ते लगेच कळतं.

झूमवर मुलाखत असेल तर काम आणखी सोपं. कॉम्प्युटरवरच्या ॲपच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये Record a separate audio file for each participant असा पर्याय असतो. तो चालू करून कॉम्प्युटरवरच रेकॉर्ड केलं की प्रत्येकाची फाइल वेगळी मिळते, आवाज ओळखायची भानगडच उरत नाही. मात्र समोर एकाच लॅपटॉपपुढे नवरा-बायको दोघं बसले असतील, तर झूमसाठी तो एकच माणूस आहे.